घरमालकाचा पॅन नाही, पावत्या अर्ध्याच: एचआरएच्या नोटिशीला उत्तर कसं लिहायचं

आयकर खात्याची एचआरएबद्दलची विचारणा बहुधा छोटीशी असते. कलम १०(१३ए) खाली घेतलेल्या सुटीचा हिशेब द्या, घरमालकाचं नाव, पत्ता आणि पॅन द्या, भाडेकरार, पावत्या आणि भाडं दिल्याचा पुरावा जोडा, अमुक तारखेपर्यंत. ती वाचल्यावर बहुतेक जण पहिली धाव घेतात ती स्टेशनरीच्या दुकानाकडे: पावतीपुस्तक, रेव्हेन्यू स्टॅम्प, आणि मग घरमालकाच्या दारात, "काका, मागच्या वर्षीच्या बारा सह्या करून द्या ना."

इथेच प्रकरण बिघडतं. भाडं खरंच भरलेलं असतं, पुरावाही बराचसा बँकेत पडून असतो, आणि त्या खऱ्या पुराव्यासोबत नव्याने बनवलेल्या जुन्या तारखांच्या पावत्या जोडल्या जातात. अधिकाऱ्याला एक पावती खोटी वाटली की बाकीच्या कागदांकडेही तो त्याच नजरेने पाहतो.

आधी कायदा काय मागतो ते बघू. कलम १०(१३ए) च्या स्पष्टीकरणात सूट नाकारण्याची दोन कारणं आहेत. तुम्ही राहता ते घर तुमच्याच मालकीचं असेल तर सूट नाही. भाड्यापोटी तुमचा प्रत्यक्ष खर्च झालेला नसेल तर सूट नाही. पावती हा शब्द तिथे नाही, घरमालकाचा पॅनही नाही. पॅनची अट आली ती पगारातून कर कापणाऱ्या कंपनीसाठी. वर्षाचं भाडं एक लाख रुपयांपेक्षा जास्त असेल तर कर्मचाऱ्याने फॉर्म १२बीबीमध्ये घरमालकाचा पॅन द्यायचा, तो मिळाला नाही तर कंपनीने सूट धरायची नाही. म्हणून पॅनअभावी कंपनीने एचआरए नाकारला, तरी रिटर्न भरताना तो तुम्हाला स्वतः मागता येतो. मात्र मग फॉर्म १६ मध्ये सूट शून्य आणि रिटर्नमध्ये दीड लाख अशी तफावत दिसते, आणि विचारणा यायला तेवढं पुरतं.

उत्तर लिहिताना हा फरक डोक्यात हवा. तुम्हाला सिद्ध करायचं आहे ते एवढंच की या घरात तुम्ही राहिलात आणि इतकं भाडं खरोखर दिलंत. पावती आणि पॅन ही ते दाखवण्याची दोन साधनं आहेत, आणि ती अपुरी असली तर दुसरी वापरायची. पण पुराव्याचं ओझं तुमच्यावरच आहे. "कायद्यात पावती लिहिलेली नाही" एवढं म्हणून कोणी सुटत नाही.

(इथली कलमं १९६१ च्या कायद्याची आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांना २०२५ चा नवा कायदा लागू होतो, पण त्याआधीच्या वर्षांच्या नोटिशी जुन्या कायद्यानेच चालतात. आणि एचआरएची सूट त्या वर्षी जुनी करप्रणाली निवडली असेल तरच मिळते, हे आधी तपासा. नव्या प्रणालीत रिटर्न भरून एचआरए मागितला असेल तर पुरावे गोळा करण्यात अर्थ नाही.)

एक प्रकरण घेऊ

पुण्यात नोकरी करणारी एक व्यक्ती. आर्थिक वर्ष २०२३-२४. मूळ वेतन महिना ₹५०,०००, महागाई भत्ता नाही, एचआरए महिना ₹२०,०००, घरभाडं महिना ₹१८,०००. सूट म्हणजे तीन आकड्यांपैकी सर्वात लहान आकडा. मिळालेला एचआरए ₹२,४०,०००. भरलेलं भाडं वजा वेतनाचे दहा टक्के, म्हणजे ₹२,१६,००० वजा ₹६०,०००, बरोबर ₹१,५६,०००. आणि वेतनाचे चाळीस टक्के, ₹२,४०,०००. पन्नास टक्के त्या वर्षी फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला होते, पुण्याला नाही. सूट ठरली ₹१,५६,०००.

घरमालकाने पॅन दिला नाही, म्हणून कंपनीने सूट धरली नाही. या व्यक्तीने रिटर्नमध्ये ती मागितली. वीस टक्क्यांच्या टप्प्यात, चार टक्के उपकर धरून, ₹३२,४४८ चा कर परत मिळण्यासारखा होता. मग विचारणा आली. हातात काय होतं?

शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरचा नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार, १ ऑगस्ट २०२२ ते ३० जून २०२३. त्यात घरमालकाच्या पॅनची जागा कोरी. पुढचा करार झालाच नाही, तोंडी चालू राहिलं. पावत्या एप्रिल, मे आणि जूनच्या. जुलैची आहे पण सही नाही. दहा महिन्यांचं भाडं यूपीआयने दिलेलं, त्यातले दोन महिने घरमालकाच्या मुलाच्या खात्यात. फेब्रुवारी आणि मार्चचं भाडं रोखीने.

कागद अर्धे आहेत, पण पुरावा अर्धा नाही.

आधी बारा ओळी लिहा

उत्तराचा मजकूर नंतर. आधी एका कोऱ्या पानावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकापुढे रक्कम, कुठल्या तारखेला, कसं, कुणाला आणि त्याचा कोणता कागद आहे ते भरा. हाच तक्ता पुढे उत्तराला जोडायचा असतो, आणि खरं सांगायचं तर अधिकारी सर्वात काळजीपूर्वक वाचतो तो हाच. आपल्या प्रकरणात, महिने एकत्र करून, तो असा दिसतो:

| महिने | भाडं | कसं दिलं | कागद |
|---|---|---|---|
| एप्रिल ते जून | ₹५४,००० | यूपीआय, घरमालक | स्टेटमेंट, पावत्या, करार |
| जुलै, ऑगस्ट | ₹३६,००० | यूपीआय, मुलगा | स्टेटमेंट |
| सप्टेंबर ते जानेवारी | ₹९०,००० | यूपीआय, घरमालक | स्टेटमेंट |
| फेब्रुवारी | ₹१८,००० | रोख | एटीएमची नोंद, व्हॉट्सॲप |
| मार्च | ₹१८,००० | रोख | काही नाही |

तक्ता भरताना तीन गोष्टी हमखास निघतात.

पहिली, स्टेटमेंटमधली रक्कम आणि भाडं जुळत नाही. इथे सप्टेंबर आणि ऑक्टोबरला ₹१८,९०० गेले होते, कारण सोसायटीचे नऊशे रुपये त्यातच दिले होते. मेंटेनन्स, लाइटबिल, डिपॉझिट यांना भाडं म्हणता येत नाही. तक्त्यात ₹१८,०००च धरा आणि शेजारी "उरलेले ₹९०० सोसायटीचे, दावा केलेला नाही" असं लिहा. तुम्ही आपणहून सांगितलेला फरक हा खुलासा ठरतो. तोच अधिकाऱ्याने शोधून काढला तर विसंगती ठरते.

दुसरी, यूपीआयच्या नोंदीत घरमालकाचं नावच दिसत नाही, नुसता मोबाइल नंबर किंवा आयडी दिसतो. ॲपमध्ये तो व्यवहार उघडला तर पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदवलेलं नाव दिसतं, आणि बारा अंकी संदर्भ क्रमांकही. तोच क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटवर शोधा. एका महिन्याचा असा पडद्यावरचा फोटो जोडून "हाच आयडी उरलेल्या सर्व महिन्यांत आहे" असं लिहिलं तरी भागतं. स्टेटमेंट मात्र बँकेचं, पूर्ण वर्षाचं द्यायचं. फक्त सोयीच्या ओळी कापून चिकटवलेली एक्सेल शीट चालत नाही. भाड्याच्या ओळींवर पिवळी खूण करा.

तिसरी म्हणजे मुलाच्या खात्यात गेलेले पैसे. त्रयस्थाला दिलेली रक्कम भाडं म्हणून आपोआप धरली जात नाही. ते पैसे कुणाच्या सांगण्यावरून गेले, याचा पुरावा हवा. "या महिन्यात राहुलच्या खात्यावर टाका" असा घरमालकाचा मेसेज असेल तर तोच पुरावा. नसेल तर खाली येणाऱ्या पुष्टीपत्रात ती ओळ घालून घ्यायची.

जुन्या पावत्या नकोत, आजच्या तारखेचं पुष्टीपत्र

घरमालक सही करायला तयार असेल तर त्याच्याकडून बारा पावत्या मागू नका. एकच पत्र घ्या, आजच्या तारखेचं. त्यात असावं: माझ्या मालकीच्या अमुक पत्त्याच्या सदनिकेत अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून भाड्याने राहत होती; १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळात महिना ₹१८,००० प्रमाणे भाडं मला मिळालं; त्यातलं जुलै आणि ऑगस्टचं भाडं माझ्या सांगण्यावरून माझ्या मुलाच्या खात्यात जमा झालं; फेब्रुवारी आणि मार्चचं रोख मिळालं. खाली सही, पूर्ण नाव, राहता पत्ता, फोन, आणि पॅन असल्यास पॅन. सोबत सदनिका त्याच्या मालकीची असल्याचा एखादा कागद, म्हणजे मालमत्ता कराचं बिल किंवा सूची क्रमांक दोन.

मागच्या काळाबद्दल आज लिहिलेलं पत्र पूर्ण कायदेशीर असतं, कारण ते आज लिहिलंय हे ते लपवत नाही. मे २०२३ ची तारीख टाकून आज केलेली पावती म्हणजे बनावट कागद. आणि ती ओळखू येते. बारा पावत्यांवर एकच शाई, एकच हस्ताक्षर, पावतीपुस्तकातले सलग बारा क्रमांक, म्हणजे घरमालकाने वर्षभरात दुसऱ्या कुणाला एकही पावती फाडली नाही. पावतीवर "रोख" छापलेलं आणि स्टेटमेंटमध्ये त्याच महिन्याचं यूपीआय. हे सगळं बसल्या जागेवरून दिसतं. रेव्हेन्यू स्टॅम्प या खोट्याला खरं करत नाही. पाच हजारांवरच्या रोख रकमेच्या पावतीवर तो एक रुपयाचा लागतो, इतकाच त्याचा अर्थ.

जुलैची बिनसहीची पावती आहे तशीच जोडा किंवा जोडूच नका. तिच्यावर आता सही घेऊ नका.

मार्चबद्दल प्रश्न येईल: पुष्टीपत्रात घरमालकच "रोख मिळाले" म्हणतो, मग मार्च का सोडायचा? घरमालक सही करतोय आणि तुमच्या खात्यातून त्या सुमारास तेवढी रोकड निघाली आहे, तर सोडू नका. फेब्रुवारीचं तसंच आहे: ५ तारखेला एटीएममधून ₹२०,००० काढल्याची नोंद, ६ तारखेला घरमालकाचा "मिळाले" असा मेसेज. पुष्टीपत्र नसतं तरी हा महिना टिकला असता. मार्चमध्ये मात्र रोकड काढल्याची नोंद नाही, मेसेज नाही. घरमालकाने पत्र दिलं तर मार्च मागावा आणि अधिकाऱ्यावर सोडावा. पत्र मिळालं नाही तर मार्च आपणहून सोडून द्यावा.

पॅन देतच नाही म्हणतो

आधी तो तुमच्याकडेच आहे का ते बघा. करार उपनिबंधकाकडे नोंदवलेला असेल तर दोन्ही पक्षांच्या माहितीत बहुतेक वेळा पॅन असतो. आपल्याकडचा कागद हरवला असेल तर करार करून देणाऱ्या एजंटाकडे त्याची पीडीएफ असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, भाडेकरूवर नाही. आपल्या प्रकरणात करार नुसता नोटरीचा आहे. असा करार अधिकारी हलका धरतो, पण फेकून देत नाही, आणि तो का नोंदवला नाही याचं उत्तर तुमच्याकडे या कलमामुळे आहे.

तिथेही नसेल तर मागा, आणि लेखी मागा. फोनवर नव्हे, व्हॉट्सॲप किंवा ईमेलने: "आयकर खात्याने २०२३-२४ च्या भाड्याबद्दल विचारलं आहे, तुमचा पॅन आणि सहीचं पत्र हवं आहे, उत्तराची शेवटची तारीख अमुक आहे." त्याने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर तेही पुराव्यातच जमा होतं.

घरमालक बहुधा घाबरलेला असतो, कारण भाडं त्याने रिटर्नमध्ये दाखवलेलं नसतं. कधी कधी त्याची भीती पोकळ असते. वर्षाचं भाडं ₹२,१६,०००, त्यातून घरदुरुस्तीपोटी तीस टक्के सरळ वजा, उरले ₹१,५१,२००. निवृत्त घरमालकाचं दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर या आकड्यावर कर शून्यच आहे. हे गणित कागदावर करून दाखवलं की काही काका पॅन देतात. ज्यांना खरंच कर लागणार आहे ते देत नाहीत, आणि तुम्ही त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन भांडण्याने त्यात बदल होत नाही.

त्याच्याकडे पॅन कार्डच नसेल तर तसं त्याच्या सहीचं निवेदन, नाव आणि पत्त्यासह, घ्यायचं. आणि तो काहीच देत नसेल, तर तुम्ही त्याची ओळख पटवणारी दुसरी माहिती द्या: पूर्ण नाव, सध्याचा पत्ता, मोबाइल, ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेचं नाव आणि संदर्भ क्रमांक. मग उत्तरात एक ओळ लिहा, जी लोक सहसा लिहायला कचरतात: घरमालकाने सहकार्य नाकारलं असल्याने कलम १३३(६) खाली त्यांच्याकडून थेट माहिती मागवावी ही विनंती. अधिकाऱ्याला तो हक्क आहे, तुम्हाला नाही. पैसे घेणाऱ्याच्या बँक खात्याला पॅन बहुधा जोडलेला असतो, त्यामुळे आयकर खात्याला तो शोधणं तुमच्याइतकं अवघड नाही. ज्याचं भाडं खोटं आहे तो ही विनंती करत नाही, हेही वाचणाऱ्याला कळतं.

दुसऱ्या कुणाचा पॅन लिहिण्याचा मार्ग काही "जाणकार" सुचवतात. कर्मचाऱ्याने दाखवलेलं भाडं आणि ज्याचा पॅन दिला त्याच्या रिटर्नमधलं भाडं यांची तुलना खातं करतंच. २०२०-२१ च्या दाव्यांबाबत अशी पडताळणी केल्याचं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये स्वतः सांगितलं होतं, फक्त ती मोठ्या रकमांच्या मोजक्या प्रकरणांत होती आणि सरसकट मोहीम नव्हती. तसंच भाडं लाखाच्या आत बसवण्यासाठी महिना ₹८,३३३ दाखवणं. बाराने गुणलं तर ₹९९,९९६ येतात. हा आकडा इतक्यांनी वापरला आहे की तो दिसला की वाचणाऱ्याच्या भुवया वर जातात.

दोन सापळे इथेच सांगून टाकतो. महिन्याचं भाडं ₹५०,००० पेक्षा जास्त असेल तर कलम १९४-आयबी प्रमाणे भाडेकरूनेच कर कापायचा असतो. तो कापला नसेल तर एचआरएचं उत्तर देताना ती चूकही उघडी पडते. आणि घरमालक अनिवासी असेल तर कलम १९५ लागतं, तिथे पन्नास हजारांची मर्यादाच नाही. या दोन्हींत आधी सीएला भेटा, मग उत्तर लिहा.

राहत होतात, हे दाखवा

पैसे गेल्याचं स्टेटमेंट दाखवतं. ते घरभाड्याचेच होते हे दाखवायला तुम्ही तिथे राहिल्याचा पुरावा लागतो. करार जूनला संपला असल्याने आपल्या प्रकरणात जुलैपासूनच्या नऊ महिन्यांना तो विशेष लागतो. चांगले पुरावे म्हणजे ज्यांच्यावर त्या काळातली तारीख, तुमचं नाव आणि तो पत्ता तिन्ही आहेत: गॅसचं बुकिंग, ब्रॉडबँडचं बिल, बँकेने त्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र, कंपनीच्या नोंदीतला पत्ता, पोलीस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती. महावितरणचं बिल बहुधा घरमालकाच्या नावावर असतं. तरी ते तुम्ही यूपीआयने भरलेलं असेल तर ग्राहक क्रमांक जुळतो आणि एका कागदात घरमालकाचं नाव, घराचा पत्ता आणि तुमचे पैसे तिन्ही सापडतात. मला विचाराल तर अपुऱ्या पावत्यांच्या प्रकरणात सर्वात दुर्लक्षित पण उपयोगी कागद हाच. सोसायटीच्या सचिवाचं दोन ओळींचं पत्रही चालतं.

घरमालक आई-वडील असतील तर हा भाग आणखी जड होतो. भाडं नातेवाइकाला देता येतं, त्याला बंदी नाही. पण मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये आईला दिलेल्या भाड्याचा एक दावा फेटाळला, तेव्हा हेच मुद्दे समोर होते: करार नाही, भाडं रोखीने, बँकेत त्याचा माग नाही, सोसायटीला कळवलेलं नाही.

उत्तर लिहिताना

नोटीस खरी आहे का ते पोर्टलवर तिच्या डीआयएन क्रमांकावरून तपासा. उत्तर पोर्टलच्या `e-Proceedings` मधूनच जातं, ईमेलने नाही. तारीख जवळ असेल आणि घरमालक गावी गेला असेल, तर मुदत संपण्याआधी तिथूनच मुदतवाढ मागा. नुसतं गप्प राहिलात तर अधिकारी हातातल्या माहितीवर आदेश काढतो, आणि त्याच्या हातात तेव्हा फॉर्म १६ मधला शून्य असतो.

फेसलेस पद्धतीत वाचणारा अधिकारी देशात कुठेही बसलेला असू शकतो. म्हणून उत्तर इंग्रजीत किंवा हिंदीत द्या आणि मराठी करार, मेसेज, पुष्टीपत्र यांचा छोटा इंग्रजी गोषवारा सोबत ठेवा. "मिळाले, आभारी आहे" या मेसेजचा अर्थ त्याला कळला नाही तर फेब्रुवारी हातचा जाईल.

मजकूर एक-दीड पानांचा पुरतो. घरमालकाने पत्र दिलंच नाही असं धरून आपल्या प्रकरणाचं उत्तर साधारण असं होईल:

"आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये मी खालील पत्त्यावर भाड्याने राहत होते. महिना ₹१८,००० प्रमाणे भाड्याचा महिनावार तक्ता जोडपत्र १ मध्ये आहे. दहा महिन्यांचं भाडं बँकेतून दिलेलं आहे (जोडपत्र २). त्यातलं जुलै व ऑगस्टचं भाडं घरमालकांच्या सूचनेवरून त्यांच्या मुलाच्या खात्यात दिलं. तो संदेश जोडपत्र ३ मध्ये आहे. फेब्रुवारीचं भाडं रोख दिलं. रोकड काढल्याची नोंद व घरमालकांचा पोच संदेश जोडपत्र ४ मध्ये आहे. मार्चचं भाडंही रोख दिलं होतं, परंतु त्याचा कागदोपत्री पुरावा माझ्याकडे नसल्याने त्या रकमेपुरता दावा मी मागे घेते. पावत्या फक्त तीन महिन्यांच्या उपलब्ध आहेत. घरमालकांचा पॅन मी लेखी मागितला, तो मिळाला नाही (जोडपत्र ५). त्यांचं नाव, पत्ता, दूरध्वनी व बँकेचा तपशील देत आहे. कलम १३३(६) खाली त्यांच्याकडून खातरजमा करावी ही विनंती. नियम २ए प्रमाणे सुधारित हिशेब जोडपत्र ६ मध्ये आहे."

मुलाच्या खात्याबद्दलचा मेसेज हाती नसेल तर ते वाक्य तसं लिहू नका. दोन्ही महिन्यांबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्र नोटरी करून द्या. प्रतिज्ञापत्र फक्त तुमच्या माहितीतल्या गोष्टींचं, घरमालकाच्या वतीने नव्हे. ते स्टेटमेंटला आधार देतं, स्टेटमेंटची जागा घेत नाही.

आता सुधारित हिशेब, इथे लोक चुकतात. अकरा महिन्यांचं भाडं ₹१,९८,०००. वजा करायचे दहा टक्के मात्र बारा महिन्यांच्या वेतनाचेच, ₹६०,०००. कारण नियम २ए हिशेब धरतो तो त्या घरात राहिल्याच्या काळाचा, आणि मार्चमध्येही तुम्ही तिथेच राहत होता. म्हणून सूट ₹१,३८,०००. अकरा महिन्यांच्या वेतनाचे दहा टक्के, म्हणजे ₹५५,०००, वजा करून ₹१,४३,००० दाखवणं चूक ठरेल. तुम्ही मार्चमध्ये घर सोडलंच असतं तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा भाडं आणि वेतन दोन्ही अकराच महिन्यांचं धरलं असतं.

मार्च सोडल्याची किंमत म्हणजे ₹१८,००० वरचा कर, ₹३,७४४, आणि वर व्याज. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड, कलम २७०ए खाली, साधारणपणे त्या कराच्या निम्मा, ₹१,८७२. आणि खुलासा प्रामाणिक होता व सगळी माहिती उघड केली होती हे अधिकाऱ्याला पटलं तर तोही लागू होत नाही. याउलट बनावट पावत्यांवर उभा केलेला पूर्ण दावा कोसळला, तर ते चुकीचं उत्पन्न दाखवणं ठरतं आणि दंड कराच्या दुप्पट: ₹३२,४४८ चा कर आणि ₹६४,८९६ चा दंड. अठरा हजारांचा एक महिना वाचवायला कोणी एवढी पैज लावू नये.

उत्तर पाठवल्यावर पोच आणि जोडपत्रांची पीडीएफ एकत्र ठेवा. आदेश आला की त्यातला एचआरएचा आकडा स्वतः मांडून बघा. पुरावे मान्य करूनही गणितात चूक झाली असेल, उदाहरणार्थ रोखीचा फेब्रुवारी धरला असं लिहून बेरीज दहाच महिन्यांची केली असेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज पुरतो. पुरावाच नाकारला असेल तर तीस दिवसांत फॉर्म ३५ भरून अपील करावं लागतं, आणि तिथेही पहिलं जोडपत्र तो बारा ओळींचा तक्ताच असतो.